होलोग्रामचा फोटो नको, डबी कलवून व्हिडिओ पाठवा

बेअरिंगच्या डबीवरचा होलोग्राम खरा की खोटा, हे विचारायला लोक मला एक फोटो पाठवतात. फोटोत चंदेरी चौकोन, त्यात हिरवट पट्टा आणि कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पांढरा डाग. त्यावरून मला काही सांगता येत नाही आणि पुण्यातल्या डिस्ट्रिब्युटरलाही नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागवाल्यांना ६२०४, ६२०५ ही बेअरिंगं सारखी लागतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या काउंटरवर नेहमीचा. माझं उत्तरही ठरलेलं: डबी कलवत मिनिट-दीड मिनिटाचा व्हिडिओ काढा.

"फोटो एचडी आहे की," असं एक गिऱ्हाईक हटकून म्हणतं. प्रश्न एचडीचा नाही. होलोग्राममध्ये रंग भरलेलाच नसतो. पातळ प्लॅस्टिकवर डोळ्यांना न दिसणारे चर ठसवलेले असतात, एका मिलिमीटरमध्ये साधारण हजार, आणि त्यांना ॲल्युमिनियमचा चकचकीत थर असतो. प्रकाश कुठून येतो आणि बघणारा कुठे आहे, यावर कोणता रंग दिसणार ते ठरतं. फोटोत यातला एकच कोन सापडतो. त्या एका कोनातला हिरवा पट्टा नक्कल करणारा चंदेरी कागदावर शाईने छापतो, आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. कोन बदलला की मात्र छापलेला हिरवा हिरवाच राहतो.

उजेड एकच हवा आणि लहान हवा. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च उत्तम. दुकानातली ट्यूबलाइट बंद करा, शटर अर्धं खाली ओढा. लांबलचक ट्यूबचा प्रकाश एकाच वेळी अनेक कोनांतून येतो, मग सगळे रंग एकमेकांत मिसळून स्टिकर दुधी दिसतो. उन्हात नेऊन काढा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काय दिसतंय तेच कळत नाही, ते सोडून द्या.

मोबाइल हातात धरायचा नाही. खोक्यांच्या चळतीवर ठेवा, लेन्स कडेबाहेर काढून खाली बघेल अशी. डबीपासून अंतर एक फूट, झूम दोनपट. त्याहून जवळ नेलात तर काही मोबाइल आपोआप लेन्स बदलतात आणि ऐन वेळी चित्र उडी मारतं. टॉर्च डबीच्या पलीकडच्या बाजूला वर धरा, म्हणजे प्रकाश सरळ वरून न येता साधारण ३० अंश तिरका येईल.

आता कलवणं. सगळा घोळ इथेच होतो. बहुतेक लोक डबी टेबलावर ठेवून चकतीसारखी गोल फिरवतात. त्यात चमचम भरपूर दिसते, पण बाजारात मिळणारा साधा इंद्रधनुषी कागदही तशीच चमचम करतो, त्यामुळे निवाडा होत नाही. काही जण डबी स्थिर ठेवून मोबाइलच हलवतात. मग फोकस जातो, मोबाइलची सावली पडते, आणि रंग कशामुळे बदलला ते बघणाऱ्याला कळत नाही. टॉर्च आणि मोबाइल जागचे हलता कामा नयेत, हलायची ती फक्त डबी.

डबीची पलीकडची कड टेबलाला टेकलेली राहू द्या आणि तुमच्याकडची कड बोटाने हळूहळू उचला, पेटीचं झाकण उघडावं तशी. साधारण ४० अंशांपर्यंत न्या, तितकंच हळू खाली आणा. कड टेकलेली असल्यामुळे स्टिकर चौकटीबाहेर जात नाही.

किती हळू? उचलायला दहा सेकंद. याचा हिशेब आहे. हजार चरांच्या स्टिकरवर, टॉर्च आणि कॅमेऱ्यात ३० अंशांचं अंतर असेल, तर निळ्यापासून लालपर्यंतचा सगळा प्रवास डबीच्या जेमतेम ६ अंशांच्या कलण्यात उरकतो. ४० अंशांना दहा सेकंद घेतलेत तर या ६ अंशांना दीड सेकंद मिळतो. मोबाइल सेकंदाला ३० चौकटी टिपतो, म्हणजे रंगबदलाची ४५ चित्रं हाती लागतात. तेच एका सेकंदात डबी उचललीत तर चार-पाच चित्रं, तीही पुसट. चर दाट-विरळ असतील तसे हे आकडे बदलतील, पण घाई केली की घात होतो हे बदलत नाही.

वाटेत साधारण १५ अंशांवर आरशासारखी पांढरी चकाकी येईल. थांबू नका, ती ओलांडून पुढे जा. चकाकीपासून आणखी १३-१४ अंशांवर निळा सुरू होतो आणि २० च्या आसपास लाल. मात्र त्या चकाकीला घाबरून मोबाइल आपोआप चित्र काळं करतो, आणि रंग येतात तेव्हा ते मळकट दिसतात. त्यासाठी आधी एकदा डबी रंगाच्या कोनात धरा, स्क्रीनवर स्टिकरच्या जागी बोट दाबून ठेवा आणि उजेड व फोकस लॉक करा. मगच रेकॉर्डिंग.

दुसरी फेरी डावी-उजवी. उजवी कड टेकवून डावी उचला, मग उलट. ही फेरी गाळायची नाही. स्टिकरवर दिसणारा नेहमीचा होलोग्राम बहुधा 'रेनबो' जातीचा असतो. पोलरॉइड कंपनीत स्टीफन बेंटन यांनी १९६८ साली ही पद्धत काढली. साध्या उजेडात चित्र दिसावं म्हणून त्यांनी वर-खालची खोली सोडून दिली. म्हणून पुढे-मागे कलवलं की रंग बदलतो, आणि डावी-उजवीकडे कलवलं की चित्राची बाजू बदलते: मागचं अक्षर पुढच्या चिन्हाआडून सरकतं, किंवा एक चिन्ह मावळून दुसरं उगवतं. पहिल्या फेरीत साधा इंद्रधनुषी कागदही पास होतो. दुसऱ्या फेरीत तो सापडतो, कारण खालचे रंग पळतात आणि वर छापलेलं नाव जागच्या जागी एकाच रंगात राहतं.

माझ्याकडे एका मागवाल्याने आणलेली ६२०५ ची डबी अशीच होती. फोटोत ती माझ्या काउंटरवरच्या डबीपेक्षा उजळ. दोन्ही डब्या शेजारी ठेवून एकाच व्हिडिओत कलवल्या. पुढे-मागे दोन्हींवर रंग धावले. डावीकडे कलवल्यावर माझ्या डबीवरचं चिन्ह विझून अक्षरं आली. त्याच्या डबीवर चिन्ह तसंच, नुसती चमक सरकली. खात्रीची जुनी डबी हाताशी असेल तर अशी जोडी लावूनच व्हिडिओ काढा. तुलनेला काही नसेल तर काय बदलायला हवं होतं तेच ठाऊक नसतं.

व्हिडिओच्या सुरुवातीला बिल नंबर आणि तारखेची चिठ्ठी डबीशेजारी ठेवा, मध्ये कट नको. शेवटी स्टिकरच्या चारही कडा दाखवा. खरा होलोग्राम उचकटून दुसऱ्या डबीवर चिकटवला असेल तर कलवण्याच्या परीक्षेत तो शंभर टक्के पास होतो. उचललेला कोपरा, सुरकुती किंवा खाली राहिलेली जाळीदार चंदेरी खूण एवढाच त्याचा माग. आणि मूळ होलोग्रामवरूनच ठसा उचलून केलेली चांगली नक्कल व्हिडिओतही ओळखू येत नाही. तिथे डबीवरचा नंबर कंपनीकडे तपासून घ्यावा लागतो.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ टाकलात तर तो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षरं आधी जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मिनिट-दीड मिनिटाची फाइल सहज जाते.