पोर्टलवर ‘Paid’, पण खात्यात रक्कम नाही

सांगलीत घरून भाषांतराचे काम करताना माझ्या ६०,००० रुपयांच्या बिलासमोर ग्राहक कंपनीच्या पोर्टलवर ‘Paid’ दिसत होते, पण खात्यात तेवढी रक्कम आलेली नव्हती. अशा वेळी आधी ५४,००० ची नोंद शोधावी, कारण दहा टक्के टीडीएस कापलेला असू शकतो. तीही नसेल, तर स्क्रीनशॉट जोडून असे लिहावे: “पोर्टलवर १२ तारखेला रक्कम पाठवल्याचे दिसते, सोबतच्या खातेउताऱ्यात ती जमा नाही. कृपया या व्यवहाराला बँकेने दिलेला यूटीआर क्रमांक आणि ज्या खात्यात रक्कम पाठवली त्याचे शेवटचे चार अंक कळवावेत.” यूटीआर आवर्जून मागावा, कारण पोर्टलवरील शेरा कंपनीच्या लेखा विभागाचा असतो, बँकेचा नव्हे, तो क्रमांक मिळाला तर आपली बँक रक्कम शोधू शकते, आणि कंपनीला तो देताच आला नाही, तर बहुधा रक्कम निघालेलीच नसते.