‘गूगलवर आहे ना सगळं’ म्हणत फोन रिसेट करू नका

सीताबर्डीच्या एका गल्लीत माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं काउंटर आहे. स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग जॅक ही रोजची कामं. पण आठवड्यातून एकदा तरी असं गिऱ्हाईक येतं, ज्याचा फोन अगदी ठणठणीत असतो आणि माणूस रडकुंडीला आलेला असतो. फोन घरीच रिसेट केलेला असतो. कुणीतरी व्हिडिओत दाखवलेलं असतं, ‘दोन मिनिटांत फोन नव्यासारखा’. ती दोन मिनिटं खरी असतात, त्याआधीचा तास मात्र व्हिडिओत नसतो. इथे मी अँड्रॉइडपुरतंच बोलतोय, माझ्याकडे येणारे बहुतेक फोन तेच.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक नंबरांची. कळमना मार्केटचे एक संत्र्याचे अडते माझ्याकडे आले, ऐन अंबियाच्या हंगामात. फोन हँग होत होता म्हणून मुलाने आदल्या रात्री रिसेट मारला होता. “पप्पा, नंबर तर गूगलवरच असतात,” असं त्याने छातीठोकपणे सांगितलेलं. गूगल अकाउंट टाकलं, नंबर आले, पण फक्त २१२. त्यांच्या फोनमध्ये अकराशेच्या वर नावं होती. काटोल, नरखेड, वरूडचे बागायतदार, ट्रकवाले, पेटीवाले, सगळे गेले.

झालं होतं असं. नवा नंबर सेव्ह करताना तो कुठे ठेवायचा हे फोन ठरवतो: गूगल अकाउंटमध्ये, सिमवर की नुसता फोनमध्ये. त्यांच्या फोनमध्ये पहिल्या दिवशीच ‘फोन’ हा पर्याय निवडला गेला होता आणि तीन वर्षं प्रत्येक नंबर तिथेच जात राहिला. गूगलवरचे २१२ होते ते त्याच्याही आधीच्या फोनमधले. यादीत सगळी नावं एकत्रच दिसतात, म्हणून संशय यायला जागाच नव्हती.

“काही सॉफ्टवेअर वगैरे लावून काढता येत नाही का जी?” त्यांनी विचारलं. नाही येत. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये सगळा डेटा कुलूपबंद साठवलेला असतो आणि रिसेट होताना त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मागे काही उरलं तरी ते वाचता येत नाही. रिसेटनंतर फोटो परत काढून देतो म्हणून आधी पैसे मागणारे भेटतील, त्यांना देऊ नका. अडत्यांनी शेवटी जुन्या बिलबुकांवरून आणि व्हॉट्सअॅपच्या बिननावाच्या चॅटवरून ओळखून ओळखून दीडेकशे नंबर पुन्हा जमवले.

म्हणून माझी एक सवय आहे, ती पद्धत म्हणा की खोड म्हणा. फोनमधली गोष्ट दुसऱ्या स्क्रीनवर डोळ्यांनी दिसली नाही, तोवर मी तिला बॅकअप मानत नाही. गिऱ्हाइकाला माझ्या कॉम्प्युटरवर `contacts.google.com` उघडायला लावतो, तिथला आकडा आणि फोनमधला आकडा दोन्ही वहीत लिहितो. आकडे जुळले नाहीत तर काँटॅक्ट्स अॅपमधून Export करून एक `.vcf` फाइल बनवतो. या एका फाइलमध्ये सगळी नावं मावतात. ती त्यांच्याच मेलवर पाठवतो, एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि लगेच ती गूगलच्या पानावर Import करून आकडा पुन्हा बघतो. सगळं मिळून दहा मिनिटं लागतात. तेवढी दहा मिनिटं ज्यांना जड वाटतात, त्यांना मी सरळ सांगतो की भाऊ, दुसरीकडे जा.

फोटोंचं गणित थोडं वेगळं. गूगल फोटोज साधारणपणे कॅमेऱ्याचे फोटो वर चढवतं. व्हॉट्सअॅपवर आलेले, स्क्रीनशॉट, डाउनलोडमधले फोटो वेगळ्या फोल्डरात असतात आणि तुम्ही ते फोल्डर चालू केल्याशिवाय जात नाहीत. शिवाय फुकट जागा १५ जीबी, तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. ती भरली की बॅकअप थांबतो, आणि ‘जागा संपली’ ही सूचना आपण रोज अंगठ्याने सरकवून टाकत असतो. नातवाच्या बारशाचे फोटो शोधायचे असतील तर दुसऱ्या फोनवर अकाउंट उघडून तेच फोटो शोधा. कालचा फोटो दिसला म्हणजे सगळे चढले, असं नाही.

व्हॉट्सअॅपचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो, त्याच्याच सेटिंगमधून, आणि तो त्या फोनमधल्या गूगल अकाउंटवर जातो. शेवटचा बॅकअप कधीचा ते तिथेच लिहिलेलं असतं, ती तारीख आजची करून घ्या. ज्यांनी एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला आहे त्यांनी त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली आत्ताच आठवते का बघावं. ती विसरलात तर बॅकअप असून नसल्यासारखा. रिसेटनंतर तोच नंबर, तेच अकाउंट टाका, आणि ‘Restore’ विचारलं की घाईत पुढे जाऊ नका.

आता माझी दुसरी लाडकी चूक. धरमपेठेतले एक रिटायर्ड काका. शाळकरी नातवाने खेळता खेळता फोनचा पॅटर्न बदलला आणि विसरला. पुतण्याने फोन बंद करून पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबली, रिकव्हरीतून रिसेट मारला. पॅटर्न गेला खरा, पण फोन चालू झाल्यावर म्हणाला, या फोनवर आधी जे गूगल अकाउंट होतं ते टाका. हा बिघाड नाही, चोराने फोन रिसेट करून वापरू नये म्हणून केलेला बंदोबस्त आहे. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ सोबत तो आला आणि आजही आहे.

काकांना अकाउंटच माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी ज्या दुकानातून फोन घेतला, तिथल्या पोराने दोन मिनिटांत एक जीमेल बनवून टाकला होता, पासवर्ड त्याचा त्यालाच ठाऊक. नागपुरात असे हजारो जीमेल फिरत असतील, असा माझा अंदाज आहे.

पुतण्या हुशार होता. त्याने `g.co/recover` वर जाऊन काकांचा मोबाईल नंबर आणि नाव टाकून आयडी शोधला. सुदैवाने तोच नंबर चालू होता, ओटीपी आला, नवा पासवर्ड लागला. मग तो लगेच फोनमध्ये टाकला. फोनने घेतला नाही. त्याला वाटलं पासवर्ड चुकला, म्हणून पुन्हा बदलला. तरी नाही. तिसऱ्यांदा बदलून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “तुमच्याकडे बायपास असेल ना, तो मारून द्या.”

पासवर्ड बरोबरच होता. गूगल स्वतःच सांगतं की पासवर्ड बदलल्यावर रिसेट करण्याआधी २४ तास थांबा. नुकताच बदललेला पासवर्ड असा कुलूप पडलेला फोन मान्य करत नाही, आणि दर वेळी नवा पासवर्ड लावला की घड्याळ पुन्हा शून्यावर. मी फोन बंद केला, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि परवा दुपारी या म्हटलं. परवा दुपारी तोच पासवर्ड एका झटक्यात चालला. बायपास मी करत नाही. कोणत्या फोनला कोण मालक आहे हे मला काउंटरवरून कळत नाही. अकाउंट अजिबातच सापडलं नसतं तर खरेदीचं बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाणं हा एकच सरळ रस्ता होता.

यातलं खरं दुखणं रिसेटच्या आधीचं. फोन उघडत असेल तर बटणांनी रिसेट करूच नका. आधी सगळा बॅकअप, मग सेटिंग्जमधल्या अकाउंट्सच्या यादीत जाऊन गूगल अकाउंट काढा. सॅमसंगचं किंवा शाओमीचं वेगळं अकाउंट असेल तर तेही, कारण त्यांचं स्वतःचं कुलूप असतं. त्यानंतर सेटिंग्जमधूनच रिसेट करा. अकाउंट काढलं म्हणजे मेल आणि फोटो उडाले असं होत नाही, ते फक्त या फोनमधून बाहेर पडतं. क्रम मात्र उलटा करू नका. बॅकअप चढायच्या आधी अकाउंट काढलं तर जे चढायचं राहिलं ते राहिलंच. आणि पासवर्ड आठवतो का, हे काढण्याआधी दुसऱ्या फोनवर लॉगिन करून बघा. आठवला नाही तर आज बदला, रिसेट उद्या.

बाकीच्या चुका थोडक्यात. ओटीपी देणारं ऑथेंटिकेटर अॅप याच फोनवर असेल तर त्यातली खाती आधी दुसऱ्या फोनवर हलवा, नाहीतर घराला कुलूप आणि किल्ली आत. ई-सिम असेल तर रिसेट करताना ती पुसायची का असं विचारतात. पुसली तर कंपनीकडून नवी घ्यावी लागते. यूपीआय लाइटमध्ये पैसे असतील तर ते आधी बंद करून खात्यात घ्या. यूपीआय अॅप पुन्हा सुरू करताना एसएमएस जातो, म्हणून सिम त्याच फोनमध्ये आणि रिचार्ज चालू हवा. काही बँका त्यानंतर पहिला दिवस मोठी रक्कम पाठवू देत नाहीत, तेव्हा कुणाची फी भरायच्या दिवशी रिसेट नको. कॉल रेकॉर्डिंग आणि फोनच्या स्वतःच्या नोट्स अॅपमधलं लिखाण कुठेच जात नाही असं धरून चाला आणि हाताने कॉपी करा.

रिसेटनंतर काय उरतं, हेही लोक उलटंच समजतात. सिमवरचे नंबर उरतात. मेमरी कार्ड साधारणपणे जसंच्या तसं राहतं, त्यामुळे फोन विकताना ते काढायचं विसरू नका. पण कार्ड फोनची अंतर्गत मेमरी म्हणून जोडलेलं असेल, किंवा एन्क्रिप्ट केलेलं असेल, तर रिसेटनंतर ते दुसरीकडे काय, त्याच फोनमध्येही वाचता येत नाही. अँड्रॉइडचं व्हर्जन मागे जात नाही, कंपनीने भरलेली फालतू अॅप मात्र सगळी परत येतात. आणि तुमच्या गूगल अकाउंटच्या डिव्हाइसच्या यादीत जुना फोन काही काळ दिसत राहू शकतो. फोन विकला असेल तर त्या यादीतून त्याला साइन आउट करा.

काकांचा जीमेल आणि पासवर्ड आता त्यांच्या पेन्शनच्या पासबुकात शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलेला आहे. लोक म्हणतात असा लिहून ठेवू नये. मी म्हणतो, पासबुक कपाटात असतं, फोन नातवाच्या हातात.