घरी पैसे पाठवायची तयारी: मधला रेट लिहून घ्या, मग बाकीचं

चिपळूणच्या घराचे पत्रे बदलायचे होते, पावसाच्या आत, पत्रेवाला आणि सुतार दोघंही अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय हलत नव्हते. मी शारजात. बँकेच्या अ‍ॅपवर ठळक अक्षरात "फी शून्य" लिहिलेलं दिसलं आणि दहा हजार दिरहम पाठवून मोकळा झालो, वर रूममेटला शहाणपण शिकवलं की तू कशाला एक्स्चेंजच्या लाइनीत उभा राहून एकवीस दिरहम घालवतोस. त्यानेही त्याच दुपारी दहा हजारच पाठवले, फी त्यातूनच कापून. रात्री जेवताना दोघांनी फोन शेजारी ठेवले तर माझ्या बाबांच्या खात्यात 2,28,600 आणि त्याच्या घरी 2,30,115. फी मी भरली नव्हती आणि दीड हजार रुपये मात्र माझेच कमी. तेव्हापासून पाठवायच्या आधी काय काय करायचं ते ठरवून घेतलंय, तेच इथे टाकतोय. इथले आकडे दिरहम-रुपयाचे आहेत, रियाल किंवा पौंडवाल्यांनी आपले घालून बघावेत.

खातं नंबर, आयएफएससी, नावाचं स्पेलिंग, आयडीची तारीख संपलेली नाही ना, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे.

पहिलं काम, आणि मी हेच विसरलो होतो: मधला रेट काढायचा आणि लिहून ठेवायचा. मधला म्हणजे मोठ्या बँका एकमेकांशी व्यवहार करतात त्यातल्या खरेदी आणि विक्रीच्या बरोब्बर मधला भाव. गूगलला AED INR टाकलं की जो दिसतो तो साधारण हाच. हा रेट तुम्हाआम्हाला कोणी देणार नाही, तो मागायला जाऊ नका, काउंटरवरचा माणूस हसेल. तो फक्त मोजपट्टी म्हणून हवा. माझ्याकडे मोजपट्टीच नव्हती, म्हणून 22.86 हा रेट बघून मला काहीच वाटलं नाही. बावीस रुपये शहाऐंशी पैसे चांगले की वाईट हे नुसतं बघून कुणाला कळणार आहे?

दिरहमवाल्यांची एक सोय आहे. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 वर बांधलेला आहे, त्यामुळे दिरहम-रुपयाचा वेगळा भाव असा जवळपास नसतोच. डॉलर किती रुपयांना आहे ते बघा आणि 3.6725 ने भागा, झाला मधला रेट. डॉलर 85 धरला तर दिरहम 23.145. (त्या दिवशी डॉलर 85 च्या आसपासच होता, हिशोब सोपा व्हावा म्हणून पुढे 85 च धरतो.) कुठल्याही अ‍ॅपने "आजचा मार्केट रेट" म्हणून काहीही दाखवलं तरी ही भागाकाराची चाचणी लावून बघता येते. काही ठिकाणी वर मोठ्या अक्षरात खरा मधला रेट असतो आणि खाली "पाठवा" दाबलं की पुढच्या पानावर दुसराच. पुढच्या पानावरचा धरायचा.

मग दुसरं, सगळे कोट, म्हणजे प्रत्येक ठिकाणी मिळणारे भाव, एकाच वेळी घ्यायचे. म्हणजे सकाळी ऑफिसला जाताना बँकेचा रेट बघितला आणि संध्याकाळी मॉलमधल्या एक्स्चेंजचा बोर्ड बघितला आणि तुलना केली, हे चालत नाही. दिवसभरात डॉलर 30 पैसे वरखाली झाला तर दिरहम 8 पैसे हलतो, आणि दहा हजारावर 8 पैसे म्हणजे 800 रुपये. एखाद्या बऱ्या एक्स्चेंजचं अख्खं मार्जिनच, म्हणजे मधल्या रेटपेक्षा ते जेवढं कमी देतात तो फरकच, तेवढा असतो. मग तुम्ही बाजार हलला ते मोजताय की दुकानदाराने कापलं ते मोजताय, काही कळत नाही. म्हणून दहा मिनिटांच्या आत तीन कोट आणि त्याच दहा मिनिटांतला मधला रेट. मधला रेट सगळ्यात आधी. हो, परत सांगतोय, कारण दुसऱ्या वेळी मी कोट तीन घेतले आणि मधला रेट रात्री घरी येऊन बघितला, तोपर्यंत तो हलला होता आणि पूर्ण हिशोब वाया.

कोट घेताना फी काय आणि रेट काय असं वेगवेगळं विचारत बसू नका. एकच प्रश्न: माझ्या खिशातून एकूण दहा हजार जाणार, फी आणि फीवरचा 5 टक्के व्हॅट धरून, तर घरी खात्यात रुपये किती पडतील? काउंटरवर हे विचारलं की ते कॅल्क्युलेटर काढतात, आणि अ‍ॅपवर शेवटच्या कन्फर्मच्या आधीच्या स्क्रीनवर दिसतं. तिथपर्यंत जा, स्क्रीनशॉट काढा, मागे या. पैसे जात नाहीत.

मग हे मांडायचं:

```
खरा खर्च = (एकूण भरलेले दिरहम × मधला रेट) − घरी पोचणारे रुपये
```

आमच्या दोघांचं मांडून दाखवतो. मधल्या रेटने दहा हजार दिरहमचे होतात 2,31,450 रुपये. माझ्या "फी शून्य" बँकेचा रेट 22.86, पोचले 2,28,600, म्हणजे खर्च 2,850 रुपये. दिरहममध्ये साधारण 123. फी शून्य म्हणून 123 दिरहम! रूममेटच्या एक्स्चेंजचा रेट 23.06, फी 20 आणि व्हॅट 1 असे 21 दिरहम आधीच वजा, उरलेल्या 9,979 चे झाले 2,30,115. त्याचा खर्च 1,335 रुपये, म्हणजे 58 दिरहमच्या आत. त्यातले 21 पावतीवर दिसतात आणि बाकीचे साडेआठ पैशांच्या मार्जिनमध्ये. माझ्या पावतीवर तर काहीच दिसत नव्हतं, सगळं रेटच्या पोटात. पावतीवर "चार्जेस 0.00" छापलेलं होतं आणि ते खोटंही नाही, त्यांनी फी खरंच घेतली नाही. म्हणूनच मधला रेट शेजारी लिहिलेला नसेल तर ती पावती तुम्हाला काहीही सांगत नाही.

पण म्हणून एक्स्चेंज नेहमी स्वस्त असं नाही, हे लोक चुकतात. फी ठरलेली रक्कम असते, मार्जिन रकमेबरोबर वाढतं. याच दोन ठिकाणांहून फक्त 500 दिरहम पाठवले तर बँकेकडून 11,430 पोचतात आणि एक्स्चेंजकडून 21 कापून उरलेल्या 479 चे 11,045. इथे बँक जवळपास पावणेचारशे रुपयांनी पुढे. या दोन रेटना दोन्ही बरोबरीला येतात साधारण 2,420 दिरहमवर, त्याच्या खाली बँक, वर एक्स्चेंज. ही संख्या पाठ करू नका, रेट बदलला की तीही बदलते. पण यातून एक कळतं, दर आठवड्याला थोडे थोडे पाठवणाऱ्याने फीकडे बघायचं आणि तीन महिन्यांतून एकदा मोठी रक्कम पाठवणाऱ्याने रेटकडे. आमच्या बिल्डिंगमधला एकजण दर शुक्रवारी 400 पाठवतो, दर वेळी 21 देऊन, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर नुसती फी. त्याला सांगितलं तर म्हणतो साठवले तर खर्च होतात. बरं बाबा.

आता पैसे कुठल्या चलनात निघणार ते बघा, कारण वरचा सगळा हिशोब रुपयात पाठवण्याचा आहे. इथली एक्स्चेंज हाउस साधारणपणे रुपयातच पाठवतात, त्यांचं भारतातल्या बँकेत रुपयाचं खातं असतं (रिझर्व्ह बँकेची रुपी ड्रॉइंग अ‍ॅरेंजमेंट नावाची सोय आहे त्यासाठी), तिथून नेफ्ट किंवा आयएमपीएसने घरी, आणि पावतीवरचा रुपयाचा आकडा पैशासकट तसाच पोचतो. पण बँकेतून साधी स्विफ्ट वायर केली आणि चलन म्हणून डॉलर किंवा दिरहम ठेवलं, तर रेट इथे ठरतच नाही. मधली बँक वाटेत आपले काही डॉलर कापते, मग आपल्या गावच्या शाखेची बँक तिच्या टीटी बाइंग रेटने, म्हणजे बाहेरून आलेलं चलन विकत घ्यायच्या तिच्या भावाने, रुपये करते, तो मधल्या रेटपेक्षा कमी असतो, आणि त्या बदलीवर जीएसटी वेगळा, सव्वादोन-अडीच लाखांवर तीनशेच्या आसपास. फॉर्मवर OUR टाकलं की मधल्या बँकेचे चार्जेस तुम्ही भरता, SHA टाकलं की वाटून. पण OUR ने भारतातलं रेटचं मार्जिन जात नाही, तो एक गोड गैरसमज आहे. पाठवताना स्क्रीनवर रुपयाचा पक्का आकडा दिसत नसेल तर समजा की रेट तिकडे ठरणार, आणि तुम्ही तुलना करायलाच बसलेला नाही.

वार बघा. शनिवार-रविवार बाजार बंद, सोमवारी कुठे उघडेल माहीत नाही, म्हणून रेट देणारे स्वतःला सांभाळायला मार्जिन वाढवतात. पगार शुक्रवारी झाला तरी पत्रेवाला सोमवारपर्यंत थांबतो. आमचाही थांबला असता, मी घाई केली.

नवीन अ‍ॅपचा पहिल्या वेळचा रेट फार छान असतो, कधी मधल्या रेटच्या अगदी जवळ. घ्या तो खुशाल. दुसऱ्या वेळी परत मोजा, मधला रेट घेऊन. क्रेडिट कार्डने भरू नका, बरीच कार्डं ते रोख काढल्यासारखं धरतात. कॅश पिकअपचा रेट आणि खात्यात टाकायचा रेट वेगळे असू शकतात, खातं असेल तर खातंच.

पाठवल्यावर बाबांना पासबुकातला आकडा पैशासकट वाचायला सांगायचा, "आले रे पैसे" एवढ्यावर फोन ठेवू द्यायचा नाही. तो आकडा, भरलेले दिरहम, तारीख, वेळ आणि मधला रेट, एका ओळीत. मी फोनच्या नोट्समध्ये ठेवतो. चार-पाच ओळी झाल्या की कोण किती कापतो ते आपोआप दिसतं. मधला रेट लिहायचा राहिला असेल तर एफबीआयएल ही संस्था भारतात जाहीर करते तो त्या दिवशीचा डॉलरचा रेफरन्स रेट शोधून 3.6725 ने भागा, काम चालेल, पण तो दुपारचा एकच आकडा असतो, तुमच्या मिनिटाचा नाही. तेव्हा आधीच लिहा. परवा वहिनीला फीसाठी तीन हजार पाठवले, सगळं केलं, कोट तीन, स्क्रीनशॉट तीन, आणि मधला रेट? टॅक्सीत बसल्यावर आठवला.