मखमली घागरा पुढच्या लग्नापर्यंत ठेवताना

मे महिन्यात रिसेप्शनला घातलेला मखमली घागरा पुन्हा बाहेर निघतो तो तुळशीच्या लग्नानंतर. मध्ये अख्खा पावसाळा. असा घागरा ठेवताना खरी अडचण अशी की मखमलीला घडी सोसत नाही, ती टांगायला हवी; आणि जरदोसीला वजन असतं, ती आडवी ठेवायला हवी. एकाच कपड्यात दोन्ही असतं तेव्हा काय करायचं ते इथे सांगतो. उदाहरणाला साधारण चार किलोचा घागरा घेऊ: खाली वीतभर जरदोसीचा काठ, वर चोळी आणि टिकल्यांची नेटची ओढणी.

घरी आल्यावर कपडे लगेच कपाटात कोंबू नयेत. उलटे करून पंख्याखाली रात्रभर सुकू द्यावेत, उन्हात नाही. घामाचा डाग त्या दिवशी दिसत नाही, दोन-तीन महिन्यांनी पिवळा होऊन वर येतो, आणि घाम व अत्तर दोन्ही जरीला काळी पाडतात. म्हणून सकाळी खिडकीपाशी चोळीच्या काखा, गळा आणि घागऱ्याचा घेर नीट बघून घ्यावा.

सुटलेला धागा दिसला की कात्रीकडे हात जातो, तो आवरावा. आरीकामाचा टाका साखळीचा असतो. त्याचं शेवटचं टोक मोकळं झालं आणि ओढलं गेलं, की एका ओळीतल्या सगळ्या टिकल्या भराभर गळून पडतात. ते टोक बारीक सुईने मागच्या बाजूला घ्यावं, जवळच्या टाक्यात दोनदा अडकवून गाठ मारावी. मगच उरलेला धागा कापावा.

घागरा आणि चोळी पाण्यात बुडवायची नाही. जरदोसीखालचं अस्तर आटलं आणि मखमल आटली नाही, की काठ चुण्या पडल्यासारखा उभा राहतो, तो पुन्हा सरळ होत नाही. चोळीचं फक्त अस्तर पुसावं: लिटरभर थंड पाण्यात अर्धा चमचा सौम्य द्रव साबण, त्यात बुडवून घट्ट पिळलेला पांढरा कपडा दाबून धरावा, मग साध्या पाण्याच्या कपड्याने साबण काढावा. आधी आतल्या शिवणीवर ओला कपडा दाबून रंग जातो का ते बघावं. मखमलीवर पाणी सांडलं तर चोळू नका. ओली लव चोळली की चिकटून बसते. वाळू द्या, मग मऊ ब्रशने लवेच्या दिशेने फिरवा.

ओढणी धुण्याआधी काठाच्या आतल्या बाजूची एक टिकली काढून साबणपाण्यात दहा मिनिटं ठेवावी. रंग सुटला किंवा ती वाकडी झाली, तर ओढणी नुसती हवेशीर ठेवावी. टिकली टिकली, तर ओढणी पाच मिनिटं बुडवून दोन्ही हातांच्या आधाराने उचलावी, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावं आणि सपाट वाळवावी. दोरीवर टाकली की ओल्या टिकल्यांच्या वजनाने नेट लांबते. इस्त्री तर अजिबात नको, टिकल्या तापल्या की वाटीसारख्या वळतात.

डाग तेलाचा असेल तर ड्रायक्लीनिंगला द्यावं, पण डाग कशाचा ते सांगावं आणि खडे चिकटवलेले असतील तर तेही. त्या द्रावणात गोंद सुटू शकतो. परत आल्यावर प्लॅस्टिकची पिशवी काढून वास जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवावं.

आता घागरा. वजन काठात आहे, म्हणजे टांगला तर कंबरपट्टा आणि शिवणी ताणल्या जातील. तो आडवाच ठेवायचा. उलटा करावा, म्हणजे अस्तर बाहेर येतं, आणि आत दोन्ही थरांमध्ये जुनी मलमलची साडी पसरावी. नाहीतर जरदोसीचा ठसा समोरच्या मखमलीवर उठतो. जिथे दुमडायचं तिथे मनगटाएवढी जाड मलमलची गुंडाळी घालावी, घडी सपाट दाबली जाता कामा नये. सगळं सुती चादरीत गुंडाळून सर्वांत वरच्या फळीवर ठेवावं आणि त्यावर काहीही ठेवू नये, शालसुद्धा नाही. चोळी हलकी असेल तर ती जाड गादीच्या हँगरवर टांगावी. ओढणी सुती कपडा गुंडाळलेल्या नळीवर, टिकल्या बाहेर ठेवून गुंडाळावी.

डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत. वाळलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून फळीच्या कोपऱ्यात ठेवावा, कपड्याला न लावता. पावसाच्या दिवसांत कपाट उघडून हवा देण्याचा मोह टाळावा, आत दमट हवाच शिरते. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाच्या दिवशी सावलीत काढावं आणि परत ठेवताना घडी चार बोटं सरकवावी. लव बसलेली दिसली तर साध्या भागालाच मागून, वीतभर अंतरावरून वाफ द्यावी. काठावर वाफ नाही.