शिलाई मशीनचा खालच्या घरात जाणारा आवाज कसा थांबवला

ऐरोलीत वन बीएचके, माणसं पाच, त्यामुळे माझी मोटरवाली शिलाई मशीन हॉलच्या खिडकीशी फोल्डिंग टेबलावर, आणि शिवायला वेळ मिळतो तो रात्री सगळे जेवल्यावरच. खालच्या काकू म्हणाल्या, अगं डोक्यावर काहीतरी घरघरतं. आमच्या हॉलमध्ये तर टीव्हीपुढे ऐकूही यायचं नाही! मग मशीन चालू ठेवून टेबलाच्या पायाशी लादीवर हात ठेवला तर चांगलीच थरथर, म्हणजे आवाज हवेतून नाही, टेबलाच्या पायांतून स्लॅबमध्ये जात होता. आधी मशीनखाली जाड फोम घातला पण तो फारच मऊ, मशीन डुलायला लागली आणि टीप वाकडी. मग वॉशिंग मशीनखाली घालतात ते कडक रबरी पॅड टेबलाच्या चारही पायांखाली घातले, मशीनखाली रबरी मॅटचा तुकडा, आणि टेबल भिंतीला टेकलेलं होतं ते दोन बोटं पुढे ओढलं. शटलजवळ साठलेला दोऱ्यांचा भुगा ब्रशने काढून तेलाचे दोन थेंब सोडले, त्याने खडखडही गेली. आता काकूंना फक्त जीन्सची जाड शिवण मारताना कळतं, ते काम मी रविवारी दुपारी उरकते.