मित्राला दोन सिनेमे सुचवताना या चुका टाळा

शेवट सांगितला नाही म्हणजे स्पॉयलर दिला नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सिनेमाची मजा जाते ती बहुतेक वेळा शेवटाआधीच. चुकीच्या वर्णनाने जाते, चुकीच्या वेळी बघितल्याने जाते, ‘पुढे बघ काय होतं ते’ एवढ्या एका वाक्यानेही जाते. चोपड्याच्या एका मित्राने मला विचारलं होतं, “दोन पिच्चर सांग भो, पण गोट नको सांगू.” गोट म्हणजे गोष्ट. तीच मागणी धरून कुठे काय चुकतं ते लिहितो.

माणूस न विचारता नाव सांगणं

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. कुणी विचारलं की आपण आपल्याला आवडलेलं नाव लगेच पुढे करतो. त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: कशावर बघणार, आणि कोणासोबत?

या मित्राची केळी आहे. शेतीची लाईट रात्रीची असली की तो मोटार सुरू करून मळ्यातल्या खोलीत बसतो आणि ठराविक वेळाने उठून ठिबकचा वॉल बदलून येतो. मोबाईलवर सिनेमा बघायचा तो या मधल्या वेळात, म्हणजे तुकड्या-तुकड्यांत. लाईट दिवसाची असेल त्या आठवड्यात मात्र रात्री घरी टीव्ही असतो, सोबत आई आणि शाळेत जाणारी मुलगी. आई लवकर झोपते, मग टीव्ही त्याच्या एकट्याचा.

एवढं कळलं की अर्धं काम झालं. मळ्यातल्या रात्रीसाठी एक सिनेमा हवा आणि घरी निवांत बसून बघण्यासाठी दुसरा. दोन सुचवायचे तर ते एकमेकांपेक्षा वेगळे असावेत. एकाच जातीचे दोन दिले आणि पहिला पटला नाही, तर दुसरा तो उघडूनही बघत नाही.

मी त्याला परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ सुचवला. दोघांचेही हे पहिलेच सिनेमे, आणि दोन्ही आपापल्या वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवले गेले होते. साम्य एवढंच.

फक्त शेवट लपवणं

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चा शेवट लपवण्यासारखा नाहीच. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ बनवतात आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागतो, हे आपण शाळेत वाचलेलं आहे. म्हणून लोक बिनधास्त होतात आणि सिनेमातल्या गमती एकामागून एक सांगत सुटतात. नट-नट्या गोळा करताना काय झालं, शेजारीपाजारी काय म्हणाले, घरातल्या कोणत्या वस्तूचं काय झालं. या सिनेमाचा जीव त्या गमतींतच आहे. इथे शेवट सांगितला तरी चालेल, पण मधला एक प्रसंग सांगितलात तर तेवढं हसू त्याच्या वाट्याचं गेलं.

मग कारण द्यायचं कसं? काय घडतं ते सोडायचं आणि कसं सांगितलंय ते धरायचं. मी त्याला लिहिलेला मजकूर असा होता:

“फाळक्यांवरचा आहे. चरित्रपट म्हटल्यावर वाटतो तसा जड नाही, हसत-खेळत चालतो. छपाईचा धंदा सुटलेला माणूस तंबूत पहिल्यांदा सिनेमा बघतो, तिथून सुरू होतो. प्रसंग छोटे आहेत, त्यामुळे मधे उठून वॉल बदलून आलास तरी धागा सुटणार नाही. पैशाची ओढाताण आहे, पण रडगाणं नाही. नंदू माधव आणि विभावरी देशपांडे यांनी केलेले नवरा-बायको मला फार आवडले. तू नवीन काही करायला घेतलंस की घरच्यांना पण कामाला लावतोस, तुला ते घर ओळखीचं वाटेल. शंभर मिनिटांच्या आत संपतो. मुलीला पण दाखव.”

यात कथेतलं जे आलंय ते सगळं सुरुवातीचं. माझा नियम हाच: कथेतलं काही सांगायचंच असेल तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतलं सांगावं. त्यापुढचं सगळं बघणाऱ्याचं. बाकी कारणं तीन जागांहून घ्यावीत: सांगण्याची रीत, कलाकारांचं काम, आणि त्या माणसाचं स्वतःचं आयुष्य. शेवटची जागा सगळ्यात उपयोगी, कारण तिथलं कारण परीक्षणात सापडत नाही, ते मित्रच देऊ शकतो.

चुकीचं लेबल लावणं

‘कोर्ट’च्या बाबतीत मी पाहिलेली सगळ्यात वाईट शिफारस म्हणजे “जबरदस्त कोर्टरूम ड्रामा आहे!” यात कथेतलं काही फुटलेलं नाही, तरी सिनेमा बिघडला. असं ऐकलेला माणूस वकिलांच्या जुगलबंदीची वाट बघत बसतो. आता टेबलावर हात आपटेल, आता ऐनवेळी साक्षीदार उभा राहील. तसं काही न दिसल्यावर अर्ध्या तासात तो बंद करतो आणि सिनेमा कंटाळवाणा होता असं सांगतो. दोष सिनेमाचा नसतो. त्याला जे सांगितलं होतं ते त्यात नव्हतं.

‘कोर्ट’ची रीत वेगळी आहे. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी, थोडा लांब उभा असतो. चौकटीत बरीच माणसं असतात आणि कोणाकडे बघायचं ते आपण ठरवायचं. महत्त्वाचं बोलणं संपलं तरी दृश्य लगेच तुटत नाही, तिथेच रेंगाळतं. नंतर लक्षात येतं की खरं बघण्यासारखं त्या रेंगाळण्यातच होतं. वकील आणि न्यायाधीश कोर्टाची वेळ संपल्यावर कसे जगतात, तेही हा सिनेमा बघतो. हे सगळं आधी सांगितल्याने काहीच फुटत नाही. उलट बघणाऱ्याची नजर तयार होते. संथपणा लपवून शिफारस करण्यापेक्षा तो संथ कशासाठी आहे हे सांगणं कधीही बरं.

मित्राला पाठवलेलं कारण असं:

“मुंबईतला एक वयस्कर लोकशाहीर. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप लावून पोलीस त्याला धरतात. हे सुरुवातीलाच कळतं, पुढचं सांगत नाही. आरडाओरडा नाही, वेग कमी आहे. बांधाच्या केसला तारखेला जातोस तेव्हा बाकावर बसून आजूबाजूला जे बघत बसतोस ना, तसं बघ. मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशा भाषा येतात, म्हणून खालची अक्षरं लाव. मोबाईलवर अजिबात बघू नको. आई झोपल्यावर घरी टीव्हीवर, एका बैठकीत. दोन तासांना थोडा कमी आहे.”

मोबाईलवर नको म्हणण्यामागे हेच कारण आहे. चौकट मोठी, माणसं लहान, आणि बारकावे कडेला असतात. सहा इंचाच्या पडद्यावर ते दिसत नाहीत, आणि मग खरोखरच काही घडत नाही असं वाटतं. वॉल बदलण्याच्या मधल्या वेळात बघितला तर रेंगाळणारं दृश्य नेमकं तुटतं. म्हणजे हा सिनेमा मळ्यातल्या रात्रीचा नाहीच.

लोकशाहिराचं काम करणारे वीरा साथीदार स्वतः नागपूरचे कार्यकर्ते होते, त्यांचं २०२१ साली निधन झालं. ही माहिती मी सिनेमा बघून झाल्यावर सांगण्यासाठी राखून ठेवतो. आधी सांगितली की बघणारा पात्राऐवजी त्या माणसाला शोधत बसतो.

धक्क्याची सूचना देणं

“शेवटी एक भारी ट्विस्ट आहे, पण सांगत नाही.” इथे सांगायचं ते सांगून झालेलं असतं. आता तो प्रत्येक पात्रावर संशय घेणार. ‘चौथ्या भागापर्यंत थांब’ हेही तसलंच, मालिका सुचवताना हे फार होतं. सुरुवात संथ असेल तर ‘पहिले दोन भाग ओळख करून देण्यात जातात’ एवढं म्हणावं. कधी काय होणार याचा आकडा देऊ नये.

‘अमुक सिनेमासारखाच आहे’ ही तुलनाही जपून करावी. त्या अमुक सिनेमात नायक मरत असेल, तर याही सिनेमात तो मरणार असं ऐकणाऱ्याने धरलंच.

सोबत लिंक पाठवणं

ट्रेलर, परीक्षण किंवा गाजलेल्या प्रसंगाची क्लिप पाठवू नये. ट्रेलरमध्ये पुष्कळदा उत्तरार्धातली दृश्यं असतात, आणि क्लिपचं नावच कधीकधी सगळं सांगून टाकतं. सिनेमाचं नाव, दिग्दर्शकाचं नाव आणि साल एवढं द्यावं: ‘कोर्ट’, ताम्हाणे, २०१४. साल गरजेचं आहे, कारण एकाच नावाचे सिनेमे बरेच असतात. कोणत्या ॲपवर आहे ते त्याच दिवशी बघून सांगावं. सिनेमे ॲपवरून निघतात, दुसरीकडे जातात, महिन्याभरापूर्वीची माहिती चालत नाही.

पुरस्कारांची यादीही नको. ‘कोर्ट’ला व्हेनिसला बक्षीस मिळालं, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, हे खरं आहे. पण ते आधी ऐकलं की माणूस परीक्षक होऊन बसतो, आणि आवडला नाही तर तसं सांगायला लाजतो.

मधेच बंद केला तर

इथे बिघाड कुठे आहे ते त्याच्या बोलण्यावरून कळतं. “काहीच होत नाही” म्हणाला तर आधी विचारा, कशावर बघतोयस? मोबाईलवर असेल तर तिथेच थांबव म्हणावं आणि टीव्हीवर पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगावं. “भाषा कळत नाही” म्हणाला तर अक्षरं लावलेली नाहीत. “मन लागत नाही” म्हणाला तर आजचा दिवस त्या सिनेमाचा नाही, दुसरा लावायला सांगा. दोन वेगळे सुचवले होते ते यासाठीच. टीव्हीवर, अक्षरं लावून, निवांत बसून तासभर बघितला आणि तरी नको वाटला, तर तो त्याच्यासाठी नव्हता. आग्रह सोडावा.

आणि फोन करून त्याने विचारलं, “तो सुटतो का रे?” तर उत्तर द्यायचं नाही, हे आपल्याला माहीत असतं. घोटाळा होतो तो इतर प्रश्नांना उत्तरं दिल्याने. “त्याची बायको येते का पुढे?” याला आपण सहज नाही म्हणून जातो, “त्या वकिलाचं काय होतं?” याला काही विशेष नाही म्हणतो, आणि तिसऱ्या प्रश्नाला एकदम गप्प बसतो. मग त्या गप्प बसण्यातूनच त्याला उत्तर मिळतं. म्हणून पहिल्या प्रश्नापासून सगळ्याला एकच उत्तर ठेवावं, बिनमहत्त्वाच्या प्रश्नालासुद्धा: “मी काहीच सांगणार नाही. कितव्या मिनिटाला आहेस तेवढं सांग.” त्याने मिनिट सांगितलं की तिथपर्यंतचं हवं तेवढं बोलता येतं.