विंडोज १० वरून ११ वर जाताना बॅकअपमधील या चुका टाळा

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि तेव्हापासून जुने लॅपटॉप विंडोज ११ वर नेण्याचे काम घरोघरी व लहान कार्यालयांत सुरू आहे. हे अपग्रेड बहुतेक वेळा फायली जागच्या जागी ठेवूनच पूर्ण होते. त्यामुळे बॅकअपचा विचार करायचा तो, अपग्रेड अर्धवट अडकले आणि सी ड्राइव्ह उघडेनासा झाला तर हाताशी काय असेल, या प्रश्नापासून.

सर्वांत महाग पडणारी चूक फायलींची नसून किल्लीची आहे. अनेक लॅपटॉपांवर डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद करणारे बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आधीपासून चालू असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट ही सुरुवातीची तपासणी लागते, म्हणून बायोस या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन ते चालू केले, की संगणकाला सुरुवातीची स्थिती बदललेली दिसते आणि तो निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डिस्क पूर्ण शाबूत असूनही आतले काहीच वाचता येत नाही. बायोसला हात लावण्यापूर्वी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पुढील दोन आज्ञा द्याव्यात.

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
```

पहिलीतून एन्क्रिप्शन आहे की नाही ते कळते आणि ते असल्यास दुसरीतून `Numerical Password` या शीर्षकाखाली की दिसते. ती तिच्या आयडीसह कागदावर उतरवावी, कारण रिकव्हरीच्या पडद्यावर हाच आयडी दिसतो आणि घरात दोन-तीन लॅपटॉप असतील तर कोणती की कोणाची हे त्यावरूनच ठरते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असेल असे गृहीत धरू नये; त्या खात्यात जाऊन ती खरोखर तिथे आहे का, हे पाहावे. त्यानंतर बिटलॉकर तात्पुरते स्थगित केले, तर बहुधा ती विचारली जाण्याची वेळच येत नाही.

दुसरी चूक म्हणजे ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ कॉपी केले की सगळे आले, असे समजणे. एका लहान हिशेब कार्यालयाचा लॅपटॉप डोळ्यांसमोर आणू. टॅलीचा डेटा या दोन्ही फोल्डरांच्या बाहेर असू शकतो. नेमका मार्ग टॅलीत कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतो आणि तोच पाहून फोल्डर उचलावे. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप बहुधा `C:\Users\नाव\OneDrive\Desktop` येथे सरकलेला असतो आणि ज्या फायलींवर ढगाचे चिन्ह आहे त्या डिस्कवर नसतातच, केवळ त्यांची नावे असतात. अशा फोल्डरवर उजवे क्लिक करून `Always keep on this device` निवडावे आणि हिरवी खूण येईपर्यंत थांबावे. क्रोमचे पासवर्ड मात्र प्रोफाइलचे फोल्डर उचलून नव्याने बसवलेल्या विंडोजवर येत नाहीत, कारण ते जुन्या लॉगिनशी बांधलेले असतात. ते क्रोममधूनच एक्स्पोर्ट करावे लागतात आणि ती फाइल कोणालाही वाचता येण्यासारखी असल्याने काम झाल्यावर ती पुसून टाकावी.

याच लॅपटॉपवर आउटलुकची ६ जीबीची, ईमेल साठवणारी पीएसटी फाइल आहे असे समजू. आउटलुक उघडे असताना ती वापरात असते आणि कॉपी होत नाही, म्हणून आउटलुक व टॅली आधी बंद करावेत. ते बंद करूनही पेनड्राइव्हवर घेताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो, तेव्हा जागा मोकळी करण्यात वेळ घालवू नये. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. तिथे एक्सफॅट किंवा एनटीएफएसची डिस्क हवी.

कॉपीसाठी विंडोजमधीलच रोबोकॉपी ही आज्ञा पुरेशी आहे. खाली `E:` ही बॅकअपची डिस्क आहे; टॅलीचा डेटा वापरकर्त्याच्या फोल्डरबाहेर असेल तर तो या आज्ञेत येत नाही, तो वेगळा कॉपी करावा.

```
robocopy "C:\Users\नाव" "E:\backup" /E /XJ /R:1 /W:1 /LOG:E:\log.txt
```

यातील `/XJ` गाळू नये, कारण वापरकर्त्याच्या फोल्डरात स्वतःकडेच परत नेणारे काही जुने दुवे असतात आणि त्यांच्यामागे गेल्यास कॉपी गोल फिरत राहते. इंटरनेटवर सर्रास सुचवला जाणारा `/MIR` येथे टाळलेला बरा. मूळ ठिकाणी नसलेली प्रत्येक गोष्ट तो बॅकअपमधूनही काढून टाकतो. शेवटी लॉगमधील `FAILED` हा रकाना पाहावा. तिथे शून्य नसेल तर कोणती फाइल राहिली ते वरच्या ओळींत सापडते. काही ठरावीक सिस्टम फायली वापरात असल्यामुळे राहणारच. आपली कागदपत्रे किंवा पीएसटी राहिली असेल तर मात्र ती पुन्हा घ्यावी. त्यानंतर पीएसटी आणि टॅलीची एक कंपनी दुसऱ्या संगणकावर या प्रतीतून उघडून पाहावी आणि अपग्रेड सुरू करण्याआधी ती डिस्क लॅपटॉपपासून वेगळी करावी.

`Windows.old` या फोल्डरच्या भरवशावर हे सगळे टाळणारेही असतात. जुन्या विंडोजवर परतण्याची सोय साधारणपणे १० दिवसांचीच असते, नंतर ते फोल्डर आपोआप पुसले जाते; शिवाय ते त्याच सी ड्राइव्हवर असल्यामुळे ड्राइव्ह कुलूपबंद झाला की तेही आतच अडकते.